शस्त्र उपसण्याचे व म्यान करण्याचे अ‍ॅनिमेशन

शस्त्र उपसण्याचे व म्यान करण्याचे अ‍ॅनिमेशन म्हणजे व्हिडिओ गेममधील पात्राने कमरेचे शस्त्र हातात घेणे, ते पुन्हा जागेवर ठेवणे, किंवा एक शस्त्र ठेवून दुसरे काढणे या हालचालींचे चित्रण होय. शस्त्र ही येथे पात्राच्या शरीराहून वेगळी वस्तू असते. पात्राचा हात तिला खऱ्या अर्थाने धरत नाही. ती आधी कमरेच्या हाडाला जोडलेली असते आणि ठरलेल्या क्षणी हाताच्या हाडाला जोडली जाते. हा बदल तत्काळ होतो, त्याला मधली अवस्था नसते. म्हणून तो कोणत्या क्षणी करायचा, हा या तंत्रातील मुख्य प्रश्न आहे. पुढील विवेचन एपिक गेम्सच्या अनरियल इंजिनास धरून असून उदाहरण डाव्या कमरेवरील तलवार उजव्या हाताने उपसण्याचे आहे.

## सॉकेट

पात्राचा सांगाडा हाडांच्या उतरंडीने बनलेला असतो. अनरियलच्या नमुना पात्रात कमरेच्या हाडाचे नाव `pelvis` आणि उजव्या पंजाचे `hand_r` असे आहे. सॉकेट म्हणजे अशा हाडाला चिकटवलेली एक नामांकित जागा. हाडापासूनचे तिचे अंतर आणि दिशा कायम असल्यामुळे हाड हलले की तीही हलते. तलवारीसाठी दोन सॉकेट लागतात. पहिले कमरेवर, म्यानातील तलवारीच्या जागी असते. त्याला येथे `Scabbard_L` म्हणू. दुसरे तळहातात, मुठीच्या जागी असते, ते `HandGrip_R`. म्यान ही वेगळी वस्तू असून ती कमरेवरच राहते. जोडणीची आज्ञा अशी असते:

```
Sword->AttachToComponent(GetMesh(),
    FAttachmentTransformRules::SnapToTargetNotIncludingScale,
    TEXT("HandGrip_R"));
```

यातील नियमामुळे तलवार सॉकेटच्या जागी व दिशेत तंतोतंत बसते; तिचा आकार मात्र होता तसाच राहतो. आकारही सॉकेटकडून घेतला, तर आयात करताना चुकून शंभरपट झालेल्या सांगाड्यात तलवारही राक्षसी होते.

युनिटीमध्ये हेच काम हाडाखाली ठेवलेल्या रिकाम्या वस्तूकडून करून घेतात. गोदोमध्ये त्यासाठी `BoneAttachment3D` आहे.

## जोडणीचा क्षण

उदाहरणातील अ‍ॅनिमेशन सेकंदाला ३० फ्रेम या गतीने ३६ फ्रेमचे, म्हणजे १.२ सेकंदांचे आहे, असे समजू. हात ११व्या फ्रेमला मुठीपाशी पोहोचतो आणि बोटे १२व्या फ्रेमला मिटतात. जोडणी येथे, ०.४ सेकंदाला, करायची. त्यासाठी अ‍ॅनिमेशनच्या कालपट्टीवर नोटिफाय नावाची खूण ठेवतात. वाचनबिंदू तिच्यावरून गेला की वरील आज्ञा चालते.

या फ्रेमने दोन अटी पाळल्या पाहिजेत. पहिली अशी की दोन्ही सॉकेटची जागा व दिशा त्या क्षणी एकच असावी. त्यांत ३ सेंटिमीटरचा फरक असेल, तर तलवार तेवढी उडी मारते आणि डोळ्याला ती लगेच खटकते. हे तपासण्याची सोपी युक्ती आहे. सांगाड्याच्या संपादकात तीच तलवार दोन्ही सॉकेटवर नमुना म्हणून लावावी आणि १२व्या फ्रेमवर थांबावे. दोन तलवारी एकमेकींत पूर्ण मिसळल्या, तर जुळणी बरोबर आहे.

दुसरी अट अनेकदा विसरली जाते: त्या क्षणी कमरेच्या तुलनेत हात जवळजवळ स्थिर असावा. गेम सेकंदाला २० चित्रे दाखवत असेल, तर दोन चित्रांत ५० मिलिसेकंदांचे अंतर असते आणि खुणेचा परिणाम तितक्या उशिरापर्यंत दिसू शकतो. सेकंदाला ३ मीटर वेगाने जाणारा हात तेवढ्यात १५ सेंटिमीटर पुढे जातो. मग रिकामी मूठ आधी निघते आणि तलवार मागाहून तिच्यात येऊन बसते. म्हणून ११ ते १३ या फ्रेममध्ये हात मुठीवर टेकलेला ठेवतात. खऱ्या माणसाचीही पकड घट्ट होण्यास क्षणभर लागतो, त्यामुळे हा थांबा कृत्रिम वाटत नाही.

१३व्या फ्रेमनंतर हात म्यानाच्या अक्षावरूनच सरकला पाहिजे, नाहीतर पाते म्यानाच्या भिंतीतून आरपार निघते. लांब पात्याला केवळ हाताची लांबी पुरत नाही. धड उजवीकडे वळवून उरलेले अंतर काढतात.

नोटिफायऐवजी ०.४ सेकंदांचा स्वतंत्र गणक लावण्याचा मोह टाळावा. अ‍ॅनिमेशन दुप्पट वेगाने चालवले की खूण आपोआप ०.२ सेकंदावर येते, गणक मात्र ०.४ वरच राहतो. मिश्रणकाळाकडेही लक्ष हवे. मोंटाज या प्रकारच्या अ‍ॅनिमेशनला आधीच्या हालचालीतून पूर्णपणे वर यायला मूळ नियोजनानुसार ०.२५ सेकंद लागतात. संपर्काचा क्षण त्याआधी आला, तर हात मुठीपर्यंत पोहोचलेलाच नसतो.

## धावताना होणारी चूक

उभ्या पात्रावर निर्दोष दिसणारे अ‍ॅनिमेशन धावत्या पात्रावर बिघडू शकते. अशा वेळी पाय व कंबर धावण्याच्या अ‍ॅनिमेशनकडून हलतात आणि `spine_01` पासून वरचे शरीर उपसण्याच्या अ‍ॅनिमेशनकडून. कंबर पावलागणिक वळते. वरच्या शरीराच्या दिशा मेश स्पेसमध्ये मिसळल्या असतील, तर हात मात्र कमरेबरोबर न वळता स्थिर कमरेसाठी आखलेल्या दिशेने जातो. दोन सॉकेट मग जुळत नाहीत आणि फरक दर पावलाला वेगळा येतो. अ‍ॅनिमेशन कितीही सुधारले तरी हा दोष जात नाही, कारण तो दोन अ‍ॅनिमेशनच्या मिश्रणात आहे.

यावर उपाय म्हणजे दोन हाडांचे व्युत्क्रम गतिकी गणित, म्हणजेच आयके. मनगट कोठे असायला हवे हे कमरेच्या सॉकेटवरून काढायचे आणि दंड व कोपर त्याप्रमाणे वाकवायचे. पंजाची दिशा निराळी जुळवावी लागते. या दुरुस्तीचा भार एका वक्राने ६व्या फ्रेमला शून्यापासून ११व्या फ्रेमला एकपर्यंत चढवतात, १३व्यापर्यंत तसाच ठेवतात आणि पुढे उतरवतात. थोडा फरक उरलाच, तर जोडणी करताना तलवार आहे त्याच जागी ठेवून ०.१ सेकंदात सॉकेटकडे सरकवतात. ही सरक लहान अंतरापुरतीच चालते. मोठ्या अंतरात तलवार तरंगताना दिसते.

## मध्येच खंड पडल्यास

उपसताना ८व्या फ्रेमला पात्राला वार बसला आणि अ‍ॅनिमेशन तुटले, तर १२व्या फ्रेमची खूण कधीच येत नाही. गेमने पात्र सशस्त्र झाल्याची नोंद आरंभीच केली असेल, तर ते रिकाम्या हाताने वार करते आणि तलवार कमरेवरच राहते. म्हणून ही नोंद जोडणीच्या क्षणीच बदलावी. मोंटाज संपल्याची सूचना खंडित झाल्यावरही मिळते. त्या वेळी नोंद आणि प्रत्यक्ष जोडणी यांचा मेळ तपासावा.

म्यान करणे हे उपसण्याचे अ‍ॅनिमेशन उलटे चालवून साधत नाही. उलट चालवताना तीच खूण लागली, तर तलवार पुन्हा हातालाच जोडली जाते. शिवाय म्यान करताना टोक आधी म्यानाच्या तोंडात नेमावे लागते आणि मग पाते आत सरकते, त्यामुळे तिथला वेग निराळा असतो. त्यासाठी वेगळा मोंटाज करतात आणि त्यातील खूण तलवार `Scabbard_L` ला जोडते.

तपासणीसाठी `slomo 0.1` ही आज्ञा गेम दहापट संथ करते व तलवारीची उडी स्पष्ट दाखवते. उशिराने होणारी जोडणी मात्र तिच्यामुळे लपते. ती पाहण्यासाठी वेग नेहमीचा ठेवून `t.MaxFPS 20` वापरतात.