पासवर्ड मैत्रिणीकडे थांबत नाही

आता खरं सांगा, तुमच्यापैकी कितीजणांचा पासवर्ड जिवलग मित्राकडे किंवा मैत्रिणीकडे आहे? (बरेच हात वर.) ठीक आहे, हात खाली घ्या. मैत्रीण दगा देईल असं मी म्हणणारच नाहीये. ती सोन्यासारखी आहे असंच आपण धरू, आणि मग बघू काय होतं.

समजा, मे महिन्यात तू आजोळी निघालीस. तिथे रेंज नाही. स्नॅपचॅटवरची स्ट्रीक टिकवायची तर दर २४ तासांत दोघींनी एकमेकींना स्नॅप पाठवायलाच हवा. (हशा.) हसताय म्हणजे माहितीये तुम्हाला! तर तू मैत्रिणीला पासवर्ड दिलास, "माझ्या स्ट्रीक सांभाळ" म्हणालीस. तिने लॉगिन केलं, फोनने विचारलं, Save password? तिने सवयीने हो म्हटलं.

इथे गंमत आहे. तो पासवर्ड नुसता तिच्या फोनमध्ये राहिला नाही, तो तिच्या गूगल खात्यात गेला. ते खातं जिथे जिथे उघडं आहे, तिथे तो पोहोचतो. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने ते दादाच्या लॅपटॉपवर उघडलं होतं आणि बंद करायचं राहिलं. दादाच्या एखाद्या मित्राला तिथे तुझं नाव आणि तुझा पासवर्ड दिसू शकतो. मैत्रिणीला याचा पत्ताही नसतो.

आणि आपण काय करतो? तोच पासवर्ड जीमेललाही ठेवतो. जीमेल उघडलं की बाकीचं सोपं असतं. इन्स्टाग्रामवर 'पासवर्ड विसरलो' असं दाबायचं, की नवा पासवर्ड ठेवायची लिंक जीमेलवरच येते. म्हणून स्नॅपचॅटचा पासवर्ड देणं आणि जीमेलचा देणं यात बऱ्याचदा काही फरकच उरत नाही.

आता हे ओळखायचं कसं? myaccount.google.com वर जा, Security मध्ये Your devices बघा. आपला नसलेला फोन किंवा लॅपटॉप तिथे दिसला, की त्याच्यावर जाऊन Sign out करा आणि लगेच पासवर्ड बदला. गूगलचा पासवर्ड बदलला की बहुतेक ठिकाणचं लॉगिन आपोआप तुटतं. इन्स्टाग्रामवर मात्र कुठे कुठे लॉगिन आहे ती यादी वेगळी उघडून बघावी.

(एका विद्यार्थिनीचा प्रश्न: सर, मैत्रिणीलाच डिलीट करायला सांगितलं तर?)

सांग ना, ती करेलही. पण ज्याने तो आधीच वाचलाय, त्याच्या डोक्यातून कसा डिलीट करणार? बदलायचा तुलाच. आणि नवा म्हणजे खरंच नवा हं, प्रत्येक खात्याला वेगळा. जुन्याच्या शेवटी 1 लावून चालत नाही, कारण जुना माहीत असलेला माणूस पहिल्यांदा तेच करून बघतो.