भाडेकरू गेल्यावर घरमालकाला लिहायचं पत्र

तेरावं आटोपतं न आटोपतं तोच घरमालकाचा फोन येतो : सामान कधी हलवताय? त्यालाही पुढचा भाडेकरू बघायचा असतो. पण फोनवर 'बघतो' म्हणून आणि किल्ली वॉचमनकडे टाकून मोकळं झालं, की पुढे डिपॉझिटसाठी खेटे सुरू होतात.

पुण्या-मुंबईत बहुतेक घरं अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर असतात. राहण्याची ही परवानगी त्या माणसापुरती. वारसांकडे ती आपोआप येत नाही. डिपॉझिटवर मात्र वारसांचा हक्क असतो, आणि बाकी देणंही त्याच्या मागे राहिलेल्या पैशातूनच भागवायचं असतं.

समजा, कोथरूडला एकटे राहणारे वडील १२ जूनला गेले. डिपॉझिट एक लाख, भाडं वीस हजार, जूनचं भाडं द्यायचं राहिलेलं. मुलीने पत्रात मृत्यूची आणि कराराची तारीख देऊन सरळ लिहावं : "३० जूनला सकाळी अकरा वाजता घर रिकामं करून ताबा देत आहोत. आपण हजर राहावं, ही विनंती." सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडावी. त्या दिवशी वीजमीटरचा फोटो काढावा, पंखे-गीझर दोघांनी मिळून पाहावेत आणि किती किल्ल्या दिल्या ते लिहून ताबापावतीवर मालकाची सही घ्यावी. वीजबिल १,४६० रुपये निघालं, तर परत यायचे ७८,५४०.

घासाघीस होते ती रंगावर आणि नोटिशीच्या महिन्यावर. त्यासाठी करार उघडून ते कलम वाचावं. मृत्यूबद्दल त्यात काहीच नसेल, तर बोलून तोडगा काढावा आणि ठरलेला आकडा पत्रात घालावा. वापराने मळलेल्या भिंती म्हणजे नुकसान नव्हे, एवढं ठामपणे म्हणायला हरकत नाही.

मालक धास्तावतो तो वेगळ्याच गोष्टीने : आज मुलीला पैसे दिले आणि उद्या मुलगा दारात उभा राहिला तर? म्हणून सगळ्या वारसांच्या सह्यांचं संमतीपत्र पहिल्याच पत्राला जोडावं आणि रक्कम कोणाच्या खात्यात हवी तेही लिहावं. वडिलांच्या नावाचा चेक घेऊ नये, तो बँकेत अडकतो. त्यांच्या मोबाइलवरून भाडंही भरू नये. खातेदार गेल्यावर ते खातं असं वापरता येत नाही.

घर जुन्या पागडीचं असेल, तर मात्र यातलं एक अक्षरही घाईने लिहू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार मृत्यूसमयी भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळू शकतो. तिथे 'ताबा परत देतो' असं लिहिण्याआधी वकिलाला गाठा.