‘हलके काम’ म्हणजे किती किलो?

हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर हमालाच्या हातात चिठ्ठी पडते: ‘सहा आठवडे हलके काम द्यावे.’ मुकादम ती वाचतो आणि पन्नास किलोच्या पोत्याऐवजी पंचवीस किलोचा कट्टा त्याच्या पाठीवर देतो. त्याच्या हिशेबाने हे हलकेच!

जांघेतल्या हर्नियात पोटाच्या भिंतीच्या कमकुवत जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर डोकावते. सर्जन तिथे बहुधा जाळी बसवतात. टाके आठवड्या-दोन आठवड्यांत सुकतात, पण जाळीत पेशी रुजून ती भिंतीशी एकजीव व्हायला कित्येक आठवडे लागतात. वरून जखम बरी दिसते, आणि घात होतो तो इथेच. वजन उचलताना श्वास रोखला की पोटातला दाब थेट त्या जागेवर येतो.

म्हणून चिठ्ठीत आकडे हवेत. उदाहरणार्थ: पहिले दोन आठवडे पाच किलोपर्यंत, पुढे सहाव्या आठवड्यापर्यंत दहा, हातगाडी ढकलणे, ओढणे, जिना चढून माल नेणे बंद, वजनकाट्यावर नोंदी, पोती मोजणे, शिलाई चालेल, फेरतपासणीची तारीख अमुक. आकडे शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार आणि सर्जननुसार बदलतात, तेव्हा ते विचारूनच घ्यावेत. रोजंदारीवरच्या माणसाने ‘शिलाईचे काम चालेल’ हे तर आवर्जून लिहून घ्यावे, नाहीतर मुकादम सरळ घरी बसवतो.

खोकताना जांघेत पुन्हा फुगवटा दिसला तर काम थांबवून दाखवायला जावे. फुगवटा कडक झाला, दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.