एकच कॅप्सूल : आठवड्याला, महिन्याला की रोज?

मेडिकलच्या दुकानातून ड जीवनसत्त्वाचं औषध आणलं, की बहुतेक वेळा हातात येते कॅप्सूलची पट्टी किंवा दुधात घालून प्यायची छोटी पुडी. दोन्हींवर आकडा तोच असतो : 60,000 आययू. आययू हे या जीवनसत्त्वाचं मोजमाप, बोलताना आपण नुसतं युनिट म्हणतो. ही मात्रा एका दिवसाची नसते, पण पट्टीकडे पाहून ते कळत नाही. रोजच्या रक्तदाबाच्या गोळीशेजारी तीही डब्यात ठेवली जाते आणि खरी चूक बहुधा तिथेच होते.

थोडा हिशेब करून बघू. आठवड्याला एक कॅप्सूल घेतली, तर दिवसाला साधारण साडेआठ हजार युनिट पडतात. कमतरता भरून काढायला एवढी मात्रा लागते, म्हणून हा झाला उपचार. तीच कॅप्सूल महिन्याला एक घेतली, तर दिवसाला 2,000 युनिट होतात. भरलेली पातळी टिकवायला तेवढी पुरते. आणि तीच रोज घेतली तर? वैद्यकीय देखरेखीशिवाय मोठ्या माणसाने रोज घ्यायची सुरक्षित मर्यादा 4,000 युनिट मानतात. रोजची एक कॅप्सूल म्हणजे तिच्या 15 पट.

समजा, 58 वर्षांच्या एका बाईंना मांड्या आणि पाठ दुखण्याचा त्रास आहे. जिना चढताना कठडा धरावा लागतो. रक्तातलं ‘25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ तपासलं, तर ते 11 नॅनोग्रॅम निघालं. 20 च्या खाली कमतरता धरतात आणि 12 च्या खाली ती तीव्र समजतात. डॉक्टर आठवड्यातून एक कॅप्सूल, आठ आठवडे, असं लिहून देतात. म्हणजे दोन महिन्यांत एकूण 4,80,000 युनिट. कॅप्सूल मुख्य जेवणानंतर घ्यायची, कारण हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं आणि पानात थोडं तेल-तूप असेल तर नीट शोषलं जातं. आठ आठवडे झाले की महिन्याला एक कॅप्सूल, नाहीतर रोज 1,000 ते 2,000 युनिटची गोळी. वजन खूप जास्त असेल किंवा आतड्यांच्या आजारामुळे शोषण कमी होत असेल, तर दुप्पट-तिप्पट मात्रा लागू शकते. ती मात्र डॉक्टरांनीच ठरवायची.

आठवड्याला घेणं चांगलं की रोज, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. एकूण मात्रा सारखी ठेवली, तर दोन-तीन महिन्यांनी रक्तातली पातळी दोन्हींत जवळपास सारखीच येते. पोटात गेलेलं हे जीवनसत्त्व चरबीत साठतं आणि यकृतात त्याचं जे रूप तयार होतं ते रक्तात दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून सात दिवसांचं अंतर शरीराला जड जात नाही. पण अंतर वाढवून मात्रा फार मोठी केली की गणित बिघडतं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदाच 5,00,000 युनिट देऊन पाहिलं. 2010 साली निष्कर्ष आले, तेव्हा त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं. आपल्याकडे 6,00,000 युनिटचं इंजेक्शन मिळतं. ‘एकदा टोचलं की काम झालं’ म्हणून ते मागून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दर महिन्याला कुणी नव्या डॉक्टरांकडे जाऊन तेच टोचून घेतलं, तर एकूण किती झालं याचा हिशेब कुणाकडेच राहत नाही. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनेही 2024 मध्ये पन्नाशीपुढच्या लोकांसाठी अधूनमधून मोठी मात्रा देण्यापेक्षा रोजची लहान मात्रा बरी, असं सुचवलं.

मला विचाराल तर कमतरता भरताना आठवड्याची कॅप्सूल सोयीची आणि नंतर टिकवताना रोजची लहान गोळी. लहान गोळी एखाद्या दिवशी चुकून दोनदा घेतली, तरी काही बिघडत नाही. आठवड्याच्या कॅप्सूलसाठी मात्र वार ठरवावा आणि कॅलेंडरवर आठही तारखांना आधीच खूण करावी. नववी खूण नसली की औषध कधी थांबवायचं ते आपोआप कळतं. एखादा वार चुकला तर आठवेल तेव्हा घ्यावी, पण दोन एकदम घेऊ नयेत.

आता वरच्या बाईंचंच दुसरं चित्र बघू. डब्यात कॅप्सूल रोजच्या गोळ्यांबरोबर पडली आणि त्यांनी ती रोज घेतली. महिन्यात 18 लाख युनिट झाले. सोबत कॅल्शियमची गोळी, आणि तिच्यातही थोडं ड जीवनसत्त्व होतंच. हे जीवनसत्त्व वाढलं की आतडी अन्नातून जास्त कॅल्शियम ओढून घेतात, हाडांतूनही ते बाहेर पडू लागतं. त्रास होतो तो या रक्तातल्या कॅल्शियमचा. सुरुवात साधी असते : भूक मंदावते, मळमळतं, शौचाला साफ होत नाही, तोंड कोरडं पडतं, तहान खूप लागते आणि रात्री लघवीला वारंवार उठावं लागतं. मग अशक्तपणा, चिडचिड, विसरभोळेपणा, गोंधळल्यासारखं होणं. मूतखडे होऊ शकतात, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. वाईट म्हणजे, अशक्तपणा दिसला की घरचे म्हणतात, ‘ताकदीच्या गोळ्या चालू ठेव.’ ज्याने आजार झाला तेच औषध पुढे चालू राहतं.

अशा वेळी नुसती ड जीवनसत्त्वाची तपासणी पुरत नाही. रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन हेही बघावं लागतं. ड ची पातळी 150 च्या वर आणि कॅल्शियम वाढलेलं, असं दिसलं तर विषबाधा बहुधा पक्की. 100 च्या पुढचा आकडाही डॉक्टरांना दाखवायलाच हवा. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी, सार्कॉइडोसिस किंवा क्षयरोग असलेल्यांनी, तसंच रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असलेल्यांनी आधीच डॉक्टरांना सांगावं. या लोकांचं कॅल्शियम इतरांपेक्षा लवकर चढतं.

तान्ह्या बाळांचा हिशेब वेगळाच. त्यांना रोज 400 युनिट पुरतात, पण थेंबांच्या बाटल्या सारख्या नसतात. कुठे एका मिलिलिटरमध्ये 400 युनिट असतात, तर कुठे 800. बाटली बदलली की लेबल वाचूनच ड्रॉपर भरावा. मोठ्यांची पुडी बाळाला स्वतःच्या मनाने कधीच देऊ नये.

जास्त झाल्याची शंका आली तर कॅप्सूल आणि कॅल्शियमची गोळी दोन्ही त्याच दिवशी बंद करावी, पट्ट्या सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि किती दिवस किती घेतल्या ते नेमकं सांगावं. उलट्या थांबत नसतील किंवा माणूस गोंधळलेला वाटत असेल, तर थेट रुग्णालय गाठावं. तिथे सलाइन देतात, कॅल्शियम उतरवणारी औषधं देतात, कधी स्टेरॉइडही लागतं. कॅल्शियम काही दिवसांत उतरू लागलं, तरी चरबीत साठलेलं जीवनसत्त्व पुढचे काही आठवडे, कधी महिने, झिरपत राहतं. म्हणून बरं वाटायला लागल्यावरही कॅल्शियम आणि क्रिएटिनिनची तपासणी डॉक्टर सांगतील तोपर्यंत पुन्हा पुन्हा करत राहावी लागते.