कॅप्टन कुणाला करायचं?

शाळेचा क्रिकेट संघ निवडला की कॅप्टन कोण होणार हे पोरांना आधीच माहीत असतं. सगळ्यात जास्त धावा कुणाच्या, त्याच्याकडे कॅप्टनशिप! पण धावा काढणं आणि संघ चालवणं ही दोन निराळी कामं आहेत. सचिन तेंडुलकरने २५ कसोटींत भारताचं नेतृत्व केलं आणि त्यातल्या फक्त ४ जिंकल्या. इंग्लंडच्या माइक ब्रेअर्लीला ३९ कसोटींत एकही शतक काढता आलं नाही. कर्णधार म्हणून मात्र त्याने ३१ पैकी १८ कसोटी जिंकून दिल्या. हाताशी कोण खेळाडू होते याचाही त्यात वाटा आहेच. तरी एवढं खरं, की फलंदाजीच्या आकड्यांवरून कर्णधार ओळखता येत नाही.

तो ओळखू येतो फिल्डिंगच्या वेळी, आणि सगळ्यात आधी षटकांच्या हिशेबात. समजा सामना २५ षटकांचा आहे आणि एका गोलंदाजाला जास्तीत जास्त ५ षटकं टाकता येतात. कॅप्टनने पाच गोलंदाज वापरले आणि सर्वांत चांगल्याला शेवटासाठी राखून ठेवलं. वीस षटकं झाली तेव्हा त्याची चार उरली होती, दुसऱ्या एकाचं एक, बाकी तिघांचा कोटा संपलेला. चार आणि एक पाच, हिशेब जुळल्यासारखा वाटतो. पण लागोपाठ दोन षटकं एकाच गोलंदाजाला टाकता येत नाहीत. चांगला गोलंदाज एकविसावं, तेविसावं आणि पंचविसावं टाकेल, बाविसावं दुसरा टाकेल. चोविसाव्याला चेंडू द्यायचा कुणाला? नेटमध्ये कधीतरी हात फिरवणाऱ्या सहाव्या पोराला. त्या षटकात सामना जातो, आणि चांगल्या गोलंदाजाचं एक षटक न टाकताच राहतं. त्याला आधी एक षटक जास्त देऊन दुसऱ्याचं एक वाचवलं असतं, तर तीन आणि दोन उरली असती आणि पाचही षटकं नीट निघाली असती. ही चूक विसाव्या षटकानंतर दुरुस्त होत नाही. ती बाराव्या-तेराव्या षटकालाच दिसायला हवी.

म्हणून निवडीआधी दोन-तीन सराव सामने खेळवावेत आणि प्रत्येकात वेगळ्या मुलाला कॅप्टन करावं. सरांनी सीमारेषेबाहेर बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. बाहेरून "अरे, त्याला मागे घे!" असं ओरडत राहिलं, तर कस सरांचाच लागतो, पोराचा नाही. पाणी प्यायला थांबले की एवढंच विचारावं, "कुणाच्या किती राहिल्या?" स्कोअररकडे न बघता जो सांगतो, त्याचं नाव लिहून ठेवावं.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे चौकार गेल्यानंतरचं अर्धं मिनिट. कच्चा कॅप्टन चेंडू जिथून गेला तिथे लगेच फिल्डर उभा करतो. पुढचा चेंडू त्या फिल्डरने रिकाम्या केलेल्या जागेतून जातो, की पुन्हा हलवाहलव. जाणता मुलगा आधी गोलंदाजापाशी जातो. चेंडू आखूड पडला होता का? तसं असेल तर फिल्डिंग आहे तशीच राहू दे, टप्पा पुढे टाक. चांगल्या चेंडूवर फटका बसला असेल, तरच फिल्डर हलवायचा.

उपकर्णधारपद म्हणजे दुसऱ्या नंबरच्या मुलाची समजूत काढायचं बक्षीस नव्हे. क्रिकेटचे नियम सांगतात, की कर्णधार हजर नसेल तेव्हा त्याच्या जागी दुसऱ्याने काम पाहायचं, आणि संघाची यादी दिल्यानंतर तो त्या यादीतलाच खेळाडू असला पाहिजे. कॅप्टनच्या बोटाला चेंडू लागून तो बाहेर गेला, तर चालू सामन्यात षटकांचा हिशेब याच्या हाती येतो. म्हणून कॅप्टनला जे दिसत नाही ते ज्याला दिसतं, असा मुलगा निवडावा. कॅप्टन वेगवान गोलंदाज असेल, तर षटक टाकून तो दमलेला असतो, कधी चिडलेलाही. अशा वेळी उपकर्णधार कीपर असलेला बरा. चेंडू किती वळतोय, फलंदाजाचे पाय कुठे पडताहेत हे त्यालाच सगळ्यात जवळून दिसतं. त्याने ते दोन षटकांच्या मध्ये, हळू आवाजात सांगावं. निर्णय मात्र कॅप्टनचा. सगळ्यांसमोर दोघं हात वर करून वेगवेगळ्या खुणा करू लागले, की फिल्डर कुणाचंच ऐकत नाहीत.

एक अधिकार मात्र क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या कर्णधाराचाच असतो. अंपायरने झेलबाद दिलं, पण चेंडू आधी जमिनीला टेकला होता हे फिल्डरने येऊन सांगितलं, तर पुढचा चेंडू खेळात येण्याआधी अंपायरच्या संमतीने कर्णधार अपील मागे घेऊ शकतो. सराव सामन्यात असा प्रसंग आला तर मुलगा काय करतो, हे सरांनी जरूर बघावं.

नेमणूक जाहीर करताना ती किती सामन्यांसाठी आहे आणि कशावर जोखली जाईल, हेही सांगून टाकावं. कॅप्टन दोनदा शून्यावर बाद झाला म्हणून त्याचं पद काढू नये. चोविसावं षटक टाकायला गोलंदाजच उरला नाही, असं दोनदा झालं, तर जरूर काढावं.