गाऱ्हाणे आधी, पंप नंतर

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर, म्हणजे १९०३ च्या सुमारास, बेळगावात लोखंडी नांगर तयार केला तेव्हा तो विकावयास त्यांना सुमारे दोन वर्षे लागली, ही गोष्ट आता पुष्कळांच्या परिचयाची आहे. नांगर वाईट होता म्हणून गिऱ्हाईक फिरकले नाही असे नव्हे. लोखंडाने जमिनीस विष बाधते अशी शेतकऱ्यांची ठाम समजूत होती, आणि लोखंड किती टिकाऊ, फाळ किती खोल जाणारा, वजन किती पेलणारा, हे कितीही रसभरित वर्णन केले तरी त्या एका शंकेचे उत्तर त्यात मिळत नव्हते. १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. आणि विक्रीसाठी लिहिणे हा एक स्वतंत्र उद्योग आहे याचा बोध आपल्या भागास झाला. असे असूनही त्याच कृष्णाकाठी आज एखाद्या सहकारी उपसा जलसिंचन संस्थेच्या दप्तरात डोकावले, तर विक्रेत्यांकडून आलेल्या दरखास्तींत दहांपैकी नऊ मालाच्या गुणांच्या याद्याच आढळतील अशी माझी अटकळ आहे. या याद्यांच्या मुळाशी जे गैरसमज आहेत, त्यांपैकी चारांचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

गैरसमज : गुण सांगितले की उपयोग ग्राहक आपणच ताडतो.

ताडतो खरा, परंतु तो ताडणारा ग्राहक एक नसतो, हे विक्रेता विसरतो. पाणीसंस्थेच्या नावाने आलेला कागद प्रथम सचिव वाचतो, मग अध्यक्ष, नंतर कर्जाची मागणी झाली तर बँकेचा तपासनीस, आणि अखेरीस सर्वसाधारण सभेत तो मोठ्याने वाचला जातो. तेथे बसलेल्या सभासदाला पंपाची कार्यक्षमता शेकडा ७८ आहे की ८१ याचे सोयरसुतक नसते, आपल्या पाळीला पाणी येणार की नाही एवढेच त्यास जाणून घ्यावयाचे असते. कार्यक्षमतेच्या आकड्यापासून पाळीपर्यंतचा हिशेब करणे हे ज्ञानाचे काम आहे, आणि ते ज्ञान विक्रेत्यापाशी आहे, सभासदापाशी नाही. तेव्हा तो हिशेब दरखास्तीत मांडला नाही तर तो कोणीच मांडत नाही, आणि सभेत शेवटी जी गोष्ट सर्वांना समजते तिचीच, म्हणजे किमतीची, तुलना होते. आपला माल किमतीवरच का तोलला जातो अशी तक्रार करणाऱ्या विक्रेत्याने आपला स्वतःचाच मजकूर एकदा सभासदाच्या कानांनी ऐकून पाहावा.

गैरसमज : ग्राहक जी वस्तू मागतो तीच त्याची सांगितलेली गरज.

हा गैरसमज सर्वांत खोल आणि सर्वांत खर्चिक आहे, म्हणून त्याला थोडा अवकाश देतो. समजा, वाळवे तालुक्यातील एका संस्थेचे पत्र आले : ‘आमचा ६० अश्वशक्तीचा पंप पुरत नाही, शेवटच्या टोकाच्या उसाला पाणी पोहोचत नाही, ७५ अश्वशक्तीच्या पंपाचे दरपत्रक पाठवावे.’ या तीन वाक्यांत गरज एकच आहे, आणि ती मधल्या वाक्यात आहे. पहिले वाक्य हे संस्थेने केलेले निदान आहे आणि तिसरे तिने स्वतःच ठरविलेले औषध. गुणांची यादी पाठविणारा विक्रेता तिसऱ्या वाक्यास उत्तर देतो. गरजेवर दरखास्त रचणारा मधल्या वाक्यापासून आरंभ करतो आणि मोटारसायकलला लाथ मारून आधी जॅकवेलवर जातो.

तेथे त्याने करावयाचे काम अर्ध्या तासाचे आहे. पंपाच्या पुढे, उलटे पाणी अडविणाऱ्या झडपेच्या पलीकडे, दाबाचे गेज बसवावयाचे आणि ते दोनदा वाचावयाचे : एकदा पंप बंद असता नळ भरलेला असताना, व एकदा पंप चालू असताना. गेजवरचा एक किलोचा दाब म्हणजे सुमारे १० मीटर पाण्याचा उभा स्तंभ. आपल्या उदाहरणात गेजपासून माथ्यावरच्या हौदापर्यंतची उंची ३२ मीटर आहे, तेव्हा बंद पंपाला गेज ३.२ दाखवील, चालू पंपाला ते ५ दाखवीत असेल, तर वरचा १.८ किलोचा दाब, म्हणजे जवळजवळ १८ मीटर, हा केवळ पाण्याला नळातून ढकलण्यात खर्ची पडतो आहे. पंप पाणी उचलण्यास दमत नाही. तो नळाशी झगडून दमतो.

येथे नळ आहे १० इंची, १,८०० मीटर लांब, आणि बऱ्याच वर्षांचा, आतून खडबडीत झालेला. त्यातून सध्या सेकंदाला ६० लिटर पाणी जाते. घर्षणाचा नियम असा निष्ठुर आहे की प्रवाह सव्वापट केला, म्हणजे ७५ लिटर नेला, तर घर्षणातला तोटा दीडपट होतो. १८ मीटरचे सुमारे २७ मीटर होतात, आणि शेकडा ७० कार्यक्षमता धरली तर त्यासाठी ८० हून अधिक अश्वशक्ती लागते. म्हणजे संस्थेने मागितलेला ७५ अश्वशक्तीचा पंप बसविला तरी ७५ लिटर पाणी येणार नाही, ७० च्या थोडे वर अडखळेल, आणि विजेचे देयक मात्र सव्वापटीच्या घरात जाईल. उलट तोच नळ १२ इंची केला तर घर्षणाचा तोटा निम्म्याहूनही कमी होतो, आणि ७५ लिटर पाणी पूर्वीच्याच ६० अश्वशक्तीच्या मोटारीवर निघते. पंप तेवढा बदललेल्या उंचीस साजेसा निवडावा लागतो.

आता दरखास्तीचे पहिले पान आपोआप लिहिले जाते. आरंभी संस्थेचेच वाक्य, तिच्याच शब्दांत : शेवटच्या टोकाला पाणी पोहोचत नाही. त्याखाली जॅकवेलवर अमुक तारखेला, अमुक सभासदांच्या समक्ष घेतलेली दोन मापे. त्याखाली निष्कर्ष : तोटा नळात आहे. मग संस्थेला काय मिळेल ते तिच्या हिशेबात, म्हणजे आठ तासांच्या विजेत आज हौदात सुमारे १७ लाख लिटर पाणी पडते, ते साडेएकवीस लाखांच्या आसपास जाईल. सर्वसाधारण सभेतल्या सभासदाला ‘लिटर प्रति सेकंद’ या शब्दांचा अर्थ विचारावा लागतो; पाळी किती दिवसांनी फिरेल हे विचारावे लागत नाही.

येथे धंद्याचा प्रश्न उद्भवतो हे मी लपवीत नाही. १,८०० मीटर नळ बदलणे म्हणजे पंपाच्या अनेकपट खर्च, आणि पंप विकणाऱ्याला तर त्या नळात काहीच मिळावयाचे नसते. प्रामाणिक दरखास्त तेथे टप्पे पाडते : या वर्षी अर्धा नळ बदलला तर प्रवाह ६४ लिटरच्या आसपास जाईल, उरलेला पुढील हंगामात. आणि ती उलट शक्यताही नमूद करते. पंप चालू असताना गेज ५ ऐवजी साडेतीन-चारवरच घुटमळत असते, तर दोष पंपाच्या झिजलेल्या पंख्यात किंवा कोठेतरी फुटलेल्या नळात होता, आणि नळ फुटलेला नाही याची खातरजमा झाल्यावर नवा पंप हेच खरे उत्तर ठरले असते. जो विक्रेता ही दोन्ही उत्तरे लिहून देतो, त्याच्या पहिल्या उत्तरावर विश्वास बसतो; बाकीचे सर्वजण आपापल्या मालावरूनच निदान करतात, हे सभासदांना न सांगता कळते.

गैरसमज : गरजेवर भर दिला की मालाचे गुण गाळावे लागतात.

गाळावे लागत नाहीत. त्यांनी रांगेत उभे राहावयाचे, कोणत्या तरी गाऱ्हाण्याचे बोट धरून. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांपलीकडे गेले. नदीकाठच्या संस्थेची मोटार आणि विजेची पेटी पुरात बुडणे ही म्हणून कल्पनेची गोष्ट नव्हे. अशा संस्थेने सभेत ‘पुरात मोटार वर काढायला माणसे मिळत नाहीत’ असे म्हटले असेल, तर ‘मोटारीस उत्तम आच्छादन’ हा गुण त्या वाक्यास उत्तर देत नाही. संस्थेच्या पंपघराच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची खूण असते. विजेची पेटी त्या खुणेच्या किती वर बसणार, मोटार वर ओढण्यास दोन माणसे पुरावीत अशी कोणती सोय असणार, हे फुटांत लिहिले की आच्छादनाचा गुण आपल्या जागी, परिशिष्टात, सुखाने नांदतो. ज्या गुणाला संस्थेच्या एकाही वाक्याचा आधार सापडत नाही तो मात्र परिशिष्टाच्याही तळाशी टाकावा. तो चुकीचा असतो असे नव्हे, या ग्राहकाला तो लागत नाही एवढेच.

गैरसमज : निविदेत मागण्या छापलेल्याच असतात, तेव्हा हा विचार खासगी ग्राहकापुरता.

साताऱ्यातील एखाद्या साखर कारखान्याची अथवा शासकीय खात्याची निविदा असेल, तर क्रम त्यांचाच पाळावा लागतो. तांत्रिक लिफाफा वेगळा, दरांचा वेगळा, आणि एक रकाना रिकामा राहिला तरी दरखास्त बाद होऊ शकते. तेथे आपल्या मनाची मांडणी करणे हा अविचार. परंतु छापील अटीच गरजेला विसंगत आहेत असे दिसत असेल, जसे १० इंची नळास ७५ अश्वशक्ती, तर ते सांगण्याची जागा निविदेच्या आत नाही; ती निविदापूर्व बैठकीत, ठरलेल्या मुदतीत, लेखी शंका म्हणून विचारावी लागते, आणि खात्यास ती पटली तर शुद्धिपत्रक निघून सर्व निविदाकारांना एकाच वेळी कळविले जाते. त्या मुदतीनंतर पाठविलेले सर्वोत्तम पत्रही फाईलला लागून राहते, अटी आहेत तशाच राहतात.