एक मिळवला, तरी बेरीज तीच

संगणकाला शून्यापासून सुरुवात करून पुन्हा पुन्हा एक मिळवायला सांगा आणि बेरीज ३२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट संख्येत ठेवा. १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पर्यंत सगळं सुरळीत चालतं. तिथे बेरीज अडते आणि नंतर कितीही वेळा एक मिळवला तरी हलत नाही. या संख्येत फक्त २४ बायनरी अंक मावतात, त्यामुळे पुढची विषम संख्या लिहायला जागाच नसते. उत्तर जवळच्या संख्येवर आणलं जातं आणि मिळवलेला एक नाहीसा होतो. कसलीही चूक दाखवली जात नाही, हे त्यातलं सर्वांत वाईट.

विल्यम कहान यांनी १९६५ मध्ये एका छोट्या टिपणात यावर तोड सुचवली: दर बेरजेला किती सांडलं ते वेगळं मोजायचं आणि पुढच्या संख्येत भरून काढायचं.

```
y = x - c
t = s + y
c = (t - s) - y
s = t
```

इथे `s` म्हणजे आतापर्यंतची बेरीज, `x` नवी संख्या. `t - s` म्हणजे बेरीज प्रत्यक्षात कितीने वाढली. त्यातून `y`, म्हणजे जितकी वाढायला हवी होती ते, वजा केलं की चूक हाती येते.

समजा, आपल्या यंत्रात सहाच अंक मावतात. बेरीज ५२३४०.० आहे आणि ०.०४ पाच वेळा मिळवायचे आहेत. साध्या पद्धतीने ती जागची हलणार नाही. कहान यांच्या पद्धतीतही पहिल्यांदा हलत नाही, पण `c` मध्ये -०.०४ नोंदलं जातं. दुसऱ्या वेळी म्हणून ०.०८ मिळवले जातात आणि बेरीज ५२३४०.१ होते. आता ०.०२ जास्त धरले गेले, म्हणून तिसऱ्या वेळी ०.०२ च मिळवायचे. बेरीज तीच राहते. चौथ्या वेळी ०.०६ येतात, बेरीज ५२३४०.२ होते. या खेपेला ०.०४ जास्त धरले गेले. पाचव्या वेळी ते वळते केले की मिळवायला काहीच उरत नाही. उत्तर ५२३४०.२, अगदी बरोबर.

दर संख्येमागे एकाऐवजी चार क्रिया कराव्या लागतात, एवढीच किंमत. धोका मात्र कंपायलरचा. शाळेतल्या बीजगणितानुसार `c` नेहमी शून्यच येतो. `-ffast-math` दिलं तर कंपायलरला तसंच मानण्याची मुभा मिळते आणि तो सगळी दुरुस्ती पुसून टाकू शकतो. तपासायचं असेल तर ३२ बिटांतच दोन कोटी वेळा एक मिळवून पाहावा. बेरीज पुन्हा १६७७७२१६ वर अडली, तर दुरुस्ती उडालेली आहे.

आणखी एक उणीव पद्धतीतच आहे. येणारी संख्या बेरजेपेक्षा खूप मोठी असली, तर सांडतात ते जुन्या बेरजेचे अंक, आणि `c` ला त्याचा पत्ता लागत नाही. १, `1e100`, १, `-1e100` यांची बेरीज २. कहान यांची पद्धत शून्य सांगते. नॉयमायर यांनी १९७४ मध्ये दोहोंपैकी मोठं कोण ते आधी पाहून लहान संख्येतलं सांडलेलं मोजलं आणि ते शेवटी एकदम मिळवलं. मग २ येतात. पायथनच्या ३.१२ आवृत्तीपासून `sum()` फ्लोटिंग पॉइंट संख्यांसाठी अशीच भरपाई करतं.